टप्प्यांची बिलं: कुठला हप्ता कशाचा आणि कधी देय, हे एका पानात कसं लिहायचं?

रानवेल

आम्ही दोघी मिळून जुन्या कागदपत्रांचं स्कॅनिंग आणि सूची करून देतो. आतापर्यंतची कामं महिना-दीड महिन्याची असायची. निम्मे पैसे आधी, निम्मे नंतर, विषय संपला. आता पहिल्यांदाच मोठं काम हाती आलंय. एका संस्थेच्या ६० बांधीव नोंदवह्या आहेत, त्यांच्या अंदाजानं ४०,००० पानं होतील आणि मुदत १० महिने. करार झाला, एकूण रक्कम ठरली. पण त्यांच्या लेखा विभागातल्या बाईंचा निरोप आला की, "प्रत्येक हप्त्यात नेमकं काय येतं आणि तो कधी द्यायचा हे एका पानावर लिहून द्या, म्हणजे मला वरून एकदाच मंजुरी घेता येईल."

मी लिहिलंय ते असं:

काम सुरू करताना २० टक्के
नमुना मंजूर झाल्यावर २० टक्के
स्कॅनिंग पूर्ण झाल्यावर ३० टक्के
काम पूर्ण झाल्यावर ३० टक्के
सर्व बिलं ३० दिवसांत देय

माझी भागीदार म्हणते की एवढं पुरे, उगाच वकिली नको. मला मात्र यात काहीतरी निसटतंय असं वाटतंय. जाणकारांनी सांगा.

पाटीपेन्सिल

छान सुटसुटीत आहे की. फक्त शेवटचा हप्ता लहान करा. ३० टक्के शेवटी अडकवून ठेवू नयेत, कारण काम हातात पडलं की माणसाचा उत्साह ओसरतो. ४०-३०-२०-१० असं उतरतं ठेवा. आणि '३० दिवसांत' च्या जागी 'बिलाच्या तारखेपासून ३० दिवसांत' लिहा, म्हणजे कुणाला फाटे फोडता येणार नाहीत.

घाईगडबड

माझंही असंच झालंय. एकानं तीन महिने झाले पैसे दिले नाहीत, फोनही उचलत नाही. नोटीस पाठवावी का? नमुना असेल तर द्या कुणीतरी.

रानवेल

@घाईगडबड, आमचे अजून अडकलेले नाहीत, अडकू नयेत म्हणूनच धागा काढलाय. :) वसुलीसाठी वेगळा धागा काढलात तर जास्त लोक वाचतील.

खतावणी

मी त्या बाईंच्याच खुर्चीत बसते असं समजा. एका मोठ्या संस्थेत बिलं तपासून पुढे पाठवणं हे माझं गेल्या कित्येक वर्षांचं काम. तेव्हा तुमचं पान माझ्या टेबलावर आलं तर काय होईल ते सांगते.

पहिल्या ओळीवर मी थांबणार नाही. दुसरीवर थांबेन. 'नमुना मंजूर झाल्यावर', पण मंजूर कोण करणार? ग्रंथपाल, संचालक की मी? त्यांनी मंजूर केलाय हे मला कशावरून कळणार? तिसऱ्या ओळीत 'स्कॅनिंग पूर्ण' म्हणजे शेवटचं पान मशीनवरून उतरलं तो दिवस, फायली आमच्याकडे पोचल्या तो दिवस, की आमच्या माणसानं त्या उघडून बघितल्या तो दिवस? या तीन तारखांमध्ये दीड महिना सहज जातो. चौथी ओळ तर बोलूच नका. 'काम पूर्ण' या दोन शब्दांवर मी माणसं वर्षभर भांडताना पाहिली आहेत.

आता पाटीपेन्सिल यांच्या मुद्द्याबद्दल. बिलाच्या तारखेपासून ३० दिवस हे तुम्ही लिहाल, पण आमच्याकडे दिवस मोजायला सुरुवात होते ती बिल 'परिपूर्ण' मिळाल्यापासून. परिपूर्ण म्हणजे ऑर्डर क्रमांक आहे, हप्ता क्रमांक आहे, आणि संबंधित विभागाची पोच किंवा मंजुरी सोबत जोडलेली आहे. यातलं एक जरी नसेल तर बिल परत जातं, आणि दुरुस्त होऊन आलं की ३० दिवस पुन्हा एकपासून मोजले जातात. यात कुणाचाही दुष्टपणा नसतो. ज्याला बिल मिळतं त्याला तुमचं काम दिसतच नाही, फक्त कागद दिसतो.

म्हणून प्रत्येक हप्त्याखाली निदान चार गोष्टी हव्यात. या पैशात काय येतं, काय येत नाही, कुठली घटना घडली की तो देय होतो, आणि ती घटना घडल्याचा कागद कुठला. टक्केवारी त्यानंतर.

वीटकाम

बांधकामात आमचं आयुष्य यातच गेलं. 'प्लास्टर पूर्ण झाल्यावर' असं लिहिलं होतं. आतलं प्लास्टर झालं, बिल लावलं, मालक म्हणाला बाहेरचं कुठे झालंय? बाहेरचं पाऊस थांबल्याशिवाय होणार नव्हतं. पैसे चार महिने लटकले. तेव्हापासून मी 'पूर्ण' हा शब्दच वापरत नाही. 'चारही खोल्यांचं आतलं प्लास्टर, छतासकट' असं लिहितो. जे बोट दाखवून मोजता येतं तेच लिहायचं.

निळी_शाई

स्कॅनिंगवाला आहे, म्हणून जरा जास्त बोलतो.

रानवेल, तुमच्या पानातली सगळ्यात मोठी गोम टक्केवारीत आहे असं मला वाटत नाही. ती तिसऱ्या ओळीपर्यंतच्या अंतरात आहे. १० महिन्यांचं काम आहे, खर्च दर महिन्याला साधारण सारखा होतो असं धरू, म्हणजे महिन्याला १० टक्के. पहिले दोन महिने मांडामांड आणि नमुना, मग सहा महिने स्कॅनिंग, सूची अर्ध्यावर कधीतरी समांतर सुरू. बरोबर?

तर सुरुवातीला २० टक्के आले. दुसऱ्या महिन्याअखेर नमुना मंजूर, ३० दिवसांनी म्हणजे तिसऱ्या महिन्याअखेर आणखी २० आले. स्कॅनिंग संपलं आठव्या महिन्याअखेर, त्याचे पैसे नवव्याच्या अखेरीस. त्या दिवशी सकाळी तुम्ही ९० टक्के काम करून बसलेल्या असाल आणि हातात आलेले असतील ४०. म्हणजे निम्मा प्रकल्प तुमच्या खिशातून चाललाय. आणि ही सगळी मंडळी वेळेवर वागली तरची गोष्ट, तपासायला लागणारे दिवस यात धरलेलेच नाहीत.

तिसऱ्या ते नवव्या महिन्यापर्यंत एक पैसा येणार नाही हे तुमच्या पानात कुठेही दिसत नाही, कारण त्यात महिनेच नाहीत. आधी एका बाजूला महिने, दुसऱ्या बाजूला झालेलं काम आणि तिसऱ्या बाजूला जमा झालेले पैसे असा तक्ता स्वतःसाठी करा. ग्राहकाला तो दाखवायची गरज नाही.

रानवेल

बाप रे. सहा महिने. हे खरंच डोळ्यासमोर आलं नव्हतं. आम्ही टक्क्यांची बेरीज १०० होते की नाही एवढंच बघितलं!

मग स्कॅनिंगचे तुकडे करू का? १०,००० पानांची एक बॅच, अशा चार?

निळी_शाई

हो, पण थांबा. ४०,००० हा आकडा कुणी मोजला?

रानवेल

त्यांनीच. दोन-तीन वह्यांची पानं मोजून ६० नं गुणलं असावं.

निळी_शाई

तेच म्हटलं. आता दोन्ही बाजूंनी बघा. पानं निघाली ५२,०००, तर वरच्या १२,००० चं काय? आणि समजा निघाली ३६,०००, तर चौथी बॅच १०,००० ची कधी होणारच नाही. ३०,००० नंतर ६,००० पानं, आणि वह्या संपल्या. तुमच्या पानात लिहिलंय 'चौथी १०,००० पानं दिल्यावर देय'. ती घटना घडणारच नाही, म्हणजे तो हप्ता कागदोपत्री कधीच देय होणार नाही. माझ्या बाबतीत हे झालंय. समोरचा माणूस सज्जन होता, पण त्याच्या लेखा विभागाचं म्हणणं एकच होतं की, अट पूर्ण झालेली नाही.

त्यामुळे 'पुढची १०,००० पानं, किंवा शेवटची वही संपेल तेव्हा, यातलं जे आधी होईल ते' असं लिहा.

पाटीपेन्सिल

पण टक्केवारी आहे म्हटल्यावर पानं वाढली तर रक्कम आपोआप वाढेल ना? टक्के तर तेच राहतात.

खतावणी

नाही वाढणार. टक्के ठरलेल्या एकूण रकमेचे आहेत आणि मंजुरी त्या एकूण रकमेचीच आहे. पानं ५२,००० झाली तरी माझ्याकडे १०० टक्क्यांच्या वर द्यायला पैसेच नाहीत. वरच्या पानांसाठी वेगळा दर, वेगळी मंजुरी. आणि ती मागायची ३८-३९ हजारांवर असताना, ५२,००० झाल्यावर नाही. झालेल्या कामाला मागाहून मंजुरी मिळवणं हे आमच्याकडचं सगळ्यात अवघड काम.

पानात एक वाक्य टाका: हप्त्यांची टक्केवारी ४०,००० पानांपर्यंतच्या कामाची आहे, त्यापुढची पानं प्रतिपान अमुक दरानं, वेगळ्या बिलात. पानं कमी भरली तर रक्कम कमी होणार की तीच राहणार, तेही आत्ताच ठरवा. करारात काय आहे?

रानवेल

करारात 'सुमारे ४०,००० पाने' एवढंच आहे. 'सुमारे'. आता कळतंय की हा शब्द मीच घातला होता.

वीटकाम

सुमारे, अंदाजे, साधारणतः, योग्य वेळी. हे चार शब्द दिसले की मी पेन खाली ठेवतो.

निळी_शाई

पान म्हणजे काय तेही लिहा हं. कोरी पानं मोजणार का? घडी घातलेला नकाशा चार तुकड्यांत स्कॅन झाला तर एक की चार? आम्ही 'तयार झालेली प्रतिमा' हे एकक धरतो आणि कोरी पानंही स्कॅन करतो, कारण मधलं कोरं पान गाळलं तर पुढे कुणीतरी पान हरवलं म्हणून शोधत बसतं.

खतावणी

आता मंजुरीबद्दल. सगळ्यात जास्त पैसे इथेच अडतात, म्हणून सविस्तर लिहिते.

'मंजूर झाल्यावर देय' असं लिहिलं की तुमच्या पैशाची किल्ली तुम्ही समोरच्याच्या टेबलावर ठेवली. तो वाईट माणूस नसतो. रजेवर असतो, दुसऱ्या गडबडीत असतो, १०,००० फायली उघडून बघायचा त्याला कंटाळा येतो. नाही म्हणत नाही, हो पण म्हणत नाही. घटना अशी निवडावी जी तुम्हाला स्वतःला घडवता येते आणि सिद्ध करता येते. 'बॅच सुपूर्द केली आणि पोच मिळाली' हे तुमच्या हातात आहे. 'बॅच आवडली' हे नाही.

पण नुसत्या सुपूर्दगीवर पैसे द्यायला आमच्यासारखे तयार होत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. रिकाम्या फायली भरलेली डिस्क देऊन पोच घेणारे महाभागही असतात. त्यामुळे मधला रस्ता असा: सुपूर्दगीपासून कामकाजाचे १० दिवस तपासणीला. त्या मुदतीत लेखी हरकत आली नाही तर बॅच स्वीकारली असं धरायचं आणि अकराव्या दिवशी बिल लावायचं. देय त्यापुढे १५ दिवसांत.

पाटीपेन्सिल

आणि हरकत आली तर? एका पानासाठी सगळी बॅच अडकवतील की.

निळी_शाई

अगदी. हे मी अनुभवलंय. एका बॅचमध्ये नोंदवही क्र. १७ ची काही पानं होती, शिलाईकडच्या बाजूला सावली पडून आतली दोन-तीन अक्षरं बुडालेली. जाड बांधणीची वही क्रेडलवर पूर्ण उघडत नाही तेव्हा होतं असं. एकूण ३१ पानं. पुन्हा स्कॅन करायला मला अर्धा दिवस लागला. पण ती वही तोवर परत कपाटात गेलेली, कपाटाची किल्ली ज्यांच्याकडे ते रजेवर. ३१ पानांसाठी १०,००० पानांचे पैसे पाच आठवडे थांबले.

त्यानंतर मी दोन गोष्टी लिहायला लागलो. एक, हरकत पानांच्या यादीसकट हवी आणि ती मंजूर नमुन्याशी तुलना करूनच. 'एकंदर फिकट वाटतंय' ही हरकत नाही. दोन, सदोष पानं बॅचच्या २ टक्क्यांपर्यंत असतील तर बिल थांबणार नाही, ती पानं पुढच्या बॅचसोबत विनामूल्य पुन्हा करून मिळतील. १०,००० मध्ये २ टक्के म्हणजे २००. त्याच्या वर गेली तर चूक माझीच, बॅच परत घेईन आणि बिल तोवर लावणार नाही. ही शेवटची ओळ घातल्यावर ग्राहकही खूश असतात, कारण त्यांना वाटतं की बाजू दोघांचीही आहे.

यासाठी नमुन्याचा हप्ता नीट लिहावा लागतो. नमुना म्हणजे 'काहीतरी करून दाखवलं' असं नव्हे. ५०० पानं, त्यात सगळ्यात वाईट वह्यांतली मुद्दाम घेतलेली, ठरलेल्या ४०० डीपीआयला, फायलींची नावं देण्याच्या पद्धतीसकट. नमुन्याला मात्र मी लेखी सहीच मागतो, 'उत्तर नाही म्हणजे मंजूर' इथे चालवून घेत नाही. पुढच्या सगळ्या बॅचेसची मोजपट्टी तो आहे. तिथे गप्प बसलेला माणूस सहाव्या महिन्यात बोलायला लागतो.

रानवेल

हे सोनं आहे. वाखू साठवली.

आगाऊ रकमेचं सांगा कुणी. भागीदार म्हणते ती अनामत आहे, शेवटच्या बिलातून वळती करायची.

पाटीपेन्सिल

बरोबर म्हणतायत त्या. ॲडव्हान्स नेहमी शेवटी वळता होतो.

खतावणी

'नेहमी' असं काही नाही. दोन पद्धती आहेत आणि पानावर कुठली ते लिहिलं नाही तर तुम्ही एक समजणार, मी दुसरी.

पहिल्या पद्धतीत आगाऊ रक्कम हाच पहिला हप्ता. तो मांडामांड, यंत्रांची जुळणी, वह्यांची पाहणी यांचा मोबदला आहे आणि ती कामं झाली की तो कमावला गेला. पुढच्या बिलांतून काही वजा होत नाही. दुसऱ्या पद्धतीत ती उचल असते, आणि पुढच्या प्रत्येक बिलातून थोडी थोडी कापली जाते. गंमत अशी की तुमच्या पानात आगाऊ २० धरून बेरीज १०० होते, म्हणजे तुम्ही पहिली पद्धत गृहीत धरली आहे. तुमच्या भागीदार दुसरी बोलतायत. दोन्ही एकत्र केलं तर तुम्हाला शेवटी ८० टक्केच मिळतील!

आगाऊ रकमेवर कर केव्हा लागतो हे ज्याच्या त्याच्या देशाच्या नियमांवर आहे, ते तुमच्या हिशेबनिसाला विचारा. रकमा करासह की कराशिवाय, हे मात्र पानावर हवंच.

वीटकाम

शेवटचा हप्ता राहिला. आमच्यात थोडी रक्कम राखून ठेवतात, दोष निघाले तर म्हणून. ती कधी सुटणार याला तारीख हवी. 'दोष नाहीत अशी खात्री झाल्यावर' असं लिहिलं की ती खात्री कुणाला कधीच होत नाही.

निळी_शाई

मी ती रक्कम ठेवूच देत नाही. उलट मूळ फायली पूर्ण पैसे आल्यावरच देतो, तोवर लहान आकाराच्या बघण्यापुरत्या प्रती.

खतावणी

इथे मी सहमत नाही. लहान प्रतीवरून शिलाईतली सावली आणि बुडालेली अक्षरं तपासणार कशी? ज्याची तपासणीच होऊ शकत नाही त्याचं बिल मी मंजूर करणार नाही. तुम्ही मूळ फायली अडवल्या की मी तपासणी अडवते, आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर असतो.

निळी_शाई

माझ्याकडून दोनदा फायली घेऊन लोक गायब झालेत हो. तुमची संस्था मोठी आहे, सगळ्या तशा नसतात.

रानवेल

(तीन दिवसांनी)

सगळ्यांचे आभार. भागीदाराशी भांडून, मग जुळवून, हे लिहिलंय. आठ बिलं होतायत. जरा बघा.

---

एकूण ठरलेली रक्कम १०० टक्के. सर्व रकमा कराव्यतिरिक्त. ही टक्केवारी ४०,००० पानांपर्यंतच्या कामाची आहे. पान म्हणजे तयार झालेली एक प्रतिमा, कोरी पानं धरून. पानं कमी भरली तरी ३६,००० पर्यंत रक्कम तीच राहील. त्याखाली गेल्यास शेवटच्या बिलात प्रतिपान दरानं वजावट. ४०,००० च्या पुढची पानं त्याच दरानं, वेगळ्या बिलात. ३८,००० व्या पानाला आम्ही लेखी कळवू, आणि मंजुरीशिवाय ४०,००० च्या पुढे जाणार नाही.

पहिला हप्ता, १५ टक्के. यात यंत्रांची मांडणी, ६० वह्यांची पाहणी आणि स्थितीची नोंद येते. स्कॅनिंग येत नाही. काम सुरू होण्याआधी देय. रक्कम आणि पहिल्या १० वह्या, दोन्ही मिळतील त्या दिवसापासून १० महिने मोजले जातील. ही रक्कम पुढच्या कुठल्याही बिलातून वजा होणार नाही.

दुसरा हप्ता, १० टक्के. यात ५०० पानांचा नमुना आणि एकदा केलेली दुरुस्ती येते. नमुन्यावर ग्रंथपालांची किंवा त्यांच्या अनुपस्थितीत उपग्रंथपालांची सही झाली की बिल, त्यापुढे १५ दिवसांत देय. सही होईपर्यंत पुढचं स्कॅनिंग सुरू होणार नाही आणि तेवढे दिवस मुदतीत वाढतील. नमुन्याची पानं पहिल्या बॅचमध्ये धरली आहेत.

तिसरा ते सहावा हप्ता, प्रत्येकी १२ टक्के. प्रत्येक हप्ता १०,००० पानांच्या एका बॅचचा, किंवा शेवटच्या बॅचमध्ये वह्या संपतील तेवढ्या पानांचा. यात स्कॅन, फायलींची नावं आणि दोन प्रती येतात. सूची येत नाही. सुपूर्दगीची पोच मिळाल्यापासून कामकाजाचे १० दिवस तपासणीला. या मुदतीत पानांच्या यादीसह लेखी हरकत न आल्यास बॅच स्वीकारली असं धरलं जाईल. सदोष पानं २ टक्क्यांपर्यंत असल्यास बिल थांबणार नाही, ती पुढच्या बॅचसोबत दुरुस्त होतील. देय बिलानंतर १५ दिवसांत.

सातवा हप्ता, १७ टक्के. सर्व वह्यांची सूची. तपासणी आणि मुदत वरप्रमाणेच.

आठवा हप्ता, १० टक्के. निम्मा सर्व फायली एकत्रित दिल्यावर, आणि निम्मा त्यानंतर ९० दिवसांनी, त्या ९० दिवसांत कळवलेले दोष दुरुस्त करून.

वह्या न मिळाल्यामुळे किंवा ग्राहकाच्या अन्य कारणानं काम सलग ३० दिवस थांबल्यास तोवर सुपूर्द केलेल्या पानांचं बिल बॅच पूर्ण होण्याची वाट न बघता लावलं जाईल.

प्रत्येक बिलावर ऑर्डर क्रमांक, हप्ता क्रमांक, आणि सोबत पोच किंवा सहीची प्रत.

---

निळी_शाई

तुमच्यासाठी तक्ता मांडून बघितला. यावेळी तपासणीचे १० दिवसही धरले, म्हणजे सुपूर्दगी ते पैसे साधारण एक महिना. पहिली बॅच साडेतीन महिन्यांवर दिली तर पैसे साडेचारला. त्या सकाळी काम ४५, जमा २५, फरक २०. पुढे हा फरक थोडा थोडा वाढत जातो. सगळ्यात वाईट दिवस नवव्या महिन्याअखेर, चौथ्या बॅचचे पैसे येण्याआधीचा: काम ९०, जमा ६१, फरक २९. आधी ५० होता, तोही तपासणी न धरता. तेव्हा तीन महिन्यांचा खर्च स्वतः झेलायची तयारी ठेवा. हे पानावर कितीही लिहिलं तरी शून्य होत नाही. अजून कमी करायचं तर ५,००० च्या बॅचेस करा, पण मग बिलं दुप्पट.

खतावणी

माझ्या टेबलावरून हे पान पुढे गेलं असतं. दोन गोष्टी. आठव्या हप्त्याची दोन बिलं होतायत, म्हणजे प्रत्यक्षात नऊ. '८ अ' आणि '८ ब' असे क्रमांक आत्ताच द्या. एका क्रमांकाचं दुसरं बिल आलं की आमची प्रणाली ते दुबार समजून बाजूला काढते. दुसरं, 'कामकाजाचे दिवस' कुणाचे? तुमची सुट्टी आणि आमची सुट्टी वेगळी असू शकते. 'ग्राहकाच्या कार्यालयाचे' असं लिहा, वाद मिटेल.

'स्वीकारली असं धरलं जाईल' या वाक्यावर मात्र त्यांचं कायद्याचं खातं बोट ठेवेल. बऱ्याच संस्थांना ते चालत नाही.

रानवेल

ठेवलं बोट. :( आज उत्तर आलं. बाकी सगळं मान्य, ते एक वाक्य खोडलंय. त्याऐवजी त्यांनी सुचवलंय: 'कामकाजाच्या १० दिवसांत प्रतिसाद न मिळाल्यास प्रकरण उपसंचालकांकडे जाईल आणि ते ५ दिवसांत निर्णय देतील.'

पाटीपेन्सिल

आणि उपसंचालकांनी दिला नाही तर?

वीटकाम

तर संचालकांकडे. मग त्यांच्या वर कुणीतरी असेलच.

खतावणी

हसू नका, हे तितकं वाईट नाही. माझ्या अनुभवात 'प्रकरण वर जाईल' एवढ्यानंच खालचा माणूस नवव्या दिवशी सही करतो. पण पंधराव्या दिवसानंतर काय, ते रिकामंच आहे हे खरं. तिथे एक वाक्य मागून बघा: पंधरा दिवस उलटले तर पुढची बॅच सुरू होणार नाही आणि मुदत तेवढी वाढेल. पैसे मिळण्याची हमी नाही, पण फरक २९ च्या वर चढायचा थांबेल.

निळी_शाई

थांबलेल्या दिवसांत यंत्राचं भाडं आणि माणसाचा पगार कुणी द्यायचा?

रानवेल

तो आम्हीच देणार असं दिसतंय. बॅच थांबवण्याचं वाक्य उद्या पाठवते. भागीदार म्हणते की पहिल्या हप्त्याचं बिल तरी आजच काढूया, त्यात कुणाची तपासणी नाही. क्रमांक घातलाय, ऑर्डर क्रमांकही घातलाय.

खतावणी

पोचीची प्रत?

रानवेल

पहिल्याला कशाची पोच जोडायची? अजून एकही वही आलेली नाही.

खतावणी

सही झालेल्या कराराची प्रत जोडा. नाहीतर रिकामी जागा बघून कुणीतरी परत पाठवेल.